शुल्कतक्त्याचा अनुवाद : शिक्षण शुल्क, वसतिगृह आणि परत मिळणारी अनामत

मागील घटकात आपण परिपत्रक आणि जाहीर सूचना यांचा अनुवाद पाहिला. त्यात निदान सलग वाक्ये होती. या घटकात ज्या मजकुराकडे आपण वळणार आहोत, त्यात वाक्य जवळजवळ नाहीच. आहेत ते तुटक शब्द, आकडे आणि कंसातील एखादे विशेषण. विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेतील शुल्काचा तक्ता हा तो मजकूर होय.

पुढील प्रसंग डोळ्यांसमोर आणा. राधानगरी तालुक्यातील एका विद्यार्थिनीला कोल्हापुरात एम.एस्सी.साठी प्रवेश घ्यायचा आहे. तिच्या मैत्रिणीने इंग्रजी माहितीपुस्तिकेतील एका पानाचे छायाचित्र मोबाइलवर पाठविले आहे. घरात पैशांचा हिशोब वडील पाहतात आणि ते मराठीच वाचतात. उसाच्या बिलातून उरलेली रक्कम मोजकी आहे. प्रवेशाच्या दिवशी किती न्यायचे, पुढे किती लागणार आणि यातले परत काय येणार, हे त्यांना कळले पाहिजे. हा अनुवाद आपल्याला करायचा आहे. (खालील आकडे सरावासाठी रचलेले आहेत, ते कोणत्याही एका विद्यापीठाचे नाहीत.)

छायाचित्रात सहा ओळी आहेत. ‘ट्यूशन फी, पर टर्म’ ६,५००. ‘लॅबोरेटरी अँड लायब्ररी फी, पर अ‍ॅनम’ १,८००. ‘एलिजिबिलिटी फी’ ३००. ‘हॉस्टेल रेंट, पर अ‍ॅनम, एक्स्क्लुडिंग मेस’ या ओळीतील पहिला अंक पुसट आहे. तो १,२०० असेल किंवा ७,२००. ‘हॉस्टेल डिपॉझिट, रिफंडेबल’ २,००० आणि ‘कॉशन मनी, रिफंडेबल’ १,०००. या दोन्ही ओळींवर तारांकन आहे. तळाशी ‘टोटल पेएबल अ‍ॅट द टाइम ऑफ अ‍ॅडमिशन’ १८,८००.

अनुवादाला बसण्यापूर्वी बेरीज करा. हे काम हिशेबनिसाचे वाटेल, परंतु छायाचित्रावरून अनुवाद करणाऱ्याला बेरजेसारखा दुसरा साक्षीदार नाही. पुसट अंक १ धरला तर सहा ओळींची बेरीज १२,८०० होते. ७ धरला तर १८,८००. छापील बेरजेशी दुसरी जुळते, म्हणून भाडे ७,२०० आहे. केवळ अंदाजाने १,२०० लिहिले असते, तर वडील सहा हजार रुपये कमी घेऊन खिडकीशी उभे राहिले असते.

याच बेरजेतून आणखी एक गोष्ट उलगडते. ट्यूशन फीपुढे ‘पर टर्म’ लिहिले आहे, म्हणजे ती दर सत्राला भरावयाची आहे आणि वर्षात सत्रे दोन असतात. एकूण रकमेत ती एकदाच धरलेली आहे की दोनदा? दोनदा धरली असती तर बेरीज २५,३०० आली असती. छापील १८,८०० सांगते की दुसऱ्या सत्राचे ६,५०० यात नाहीत. ते पुढे लागणार आहेत. तक्ता हे कुठेही शब्दांत सांगत नाही. वाचणाऱ्याला मात्र हेच आधी हवे असते.

आता शब्दांकडे येऊ. ‘फी’ हा शब्द मराठीत पूर्ण रुळलेला आहे, आणि बोलताना ‘शुल्क’ म्हणणारा वडीलधारा खेड्यात क्वचितच भेटेल. तरीही तक्त्यात ‘शुल्क’ ठेवावे, कारण विद्यापीठाच्या पावतीवर आणि अर्जावर तोच शब्द छापलेला असण्याचा संभव अधिक असतो. ‘ट्यूशन फी’साठी मात्र ‘शिकवणी शुल्क’ लिहू नये. शिकवणी म्हटली की मराठी माणसाला खासगी क्लास आठवतो. ‘शिक्षण शुल्क’ हा रूढ शब्द आहे. ‘एलिजिबिलिटी फी’ म्हणजे ‘पात्रता शुल्क’. पूर्वीची पदवी प्रवेशास चालते की नाही, याची तपासणी करण्यासाठी ते घेतात.

वसतिगृहाच्या ओळीपाशी थोडे थांबू, कारण कोल्हापुरात या शब्दाला इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये येथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे निघाली. त्यामुळे या जिल्ह्यातील जुन्या माणसाच्या तोंडी आजही ‘बोर्डिंग’ हाच शब्द येतो. मूळ इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे रोजचे जेवण. बोर्डिंग म्हणजे जेवणासह राहण्याची सोय. आपल्या छायाचित्रातील ओळ नेमके उलट सांगते : ‘एक्स्क्लुडिंग मेस’. अनुवादकाने ओळखीचा म्हणून ‘बोर्डिंगची फी’ असा शब्द वापरला, तर घरात असा समज होईल की ७,२०० रुपयांत वर्षभराचे जेवणही आले. म्हणून ‘वसतिगृह भाडे, वार्षिक (जेवणाचा खर्च वेगळा)’ असे लिहावे. ‘मेस वगळून’ एवढ्याने भागणार नाही, कारण ‘वगळून’ या शब्दावरून तो खर्च मुळीच नाही, असाही अर्थ कोणी काढील.

सर्वांत अधिक विचार करावा लागतो तो शेवटच्या दोन ओळींचा. ‘कॉशन’ म्हणजे सावधगिरी, यावरून ‘सावधानता रक्कम’ असा अनुवाद मी उत्तरपत्रिकांमध्ये पाहिला आहे. शब्दाला शब्द बसला, पण अर्थ निसटला. पुस्तक हरवले, काचेचे उपकरण फुटले, तर भरपाई करता यावी म्हणून संस्था जी रक्कम आपल्याकडे ठेवून घेते, ती कॉशन मनी. त्यासाठी मराठीत ‘अनामत’ हा शब्द तयार आहे. तो अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि दुसऱ्याच्या हवाली विश्वासाने ठेवलेली वस्तू किंवा रक्कम हा त्याचा मूळ भाव आहे. निवडणुकीच्या बातम्यांनी तो घराघरांत पोचविला आहे. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास उमेदवाराची अनामत जप्त होते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणजे परत मिळते, पण अटीवर, ही छटा या शब्दात आधीपासूनच आहे.

‘डिपॉझिट’साठी कोशात ‘ठेव’ हाही प्रतिशब्द आढळेल. येथे तो टाळावा. ठेव म्हटले की बँकेतली मुदत ठेव आणि तिचे व्याज मनात येते. वसतिगृहाची अनामत जेवढी दिली तेवढीच, किंवा त्याहून कमी, परत येते. ‘तारण’ हा शब्दही नको, कारण तारण म्हणून दागिना किंवा जमीन ठेवतात.

राहिले ‘रिफंडेबल’. या इंग्रजी प्रत्ययासाठी ‘-योग्य’ किंवा ‘-नीय’ लावण्याची आपल्याला सवय आहे : वाचनीय, पिण्यायोग्य. त्या धर्तीवर ‘परत करण्यायोग्य अनामत’ असे लिहिले, तर ती परत करावी की नाही हे जणू संस्थेच्या मर्जीवर आहे असे वाटते. याच तक्त्यातील ‘पेएबल’ या शब्दाला तोच प्रत्यय आहे. परंतु त्याचा अनुवाद कोणी ‘देण्यायोग्य रक्कम’ असा करणार नाही. तेथे आपण सहज ‘भरावयाची रक्कम’ म्हणतो, कारण मराठीत हा अर्थ क्रियापदाच्या रूपातून व्यक्त होतो. तोच न्याय येथे लावावा : ‘परत मिळणारी अनामत’.

तारांकनाचा खुलासा पानाच्या तळाशी असतो आणि छायाचित्रात नेमका तोच भाग कापला जातो. तारा दिसते पण टीप दिसत नाही, अशा वेळी अनुवाद पुरा झाला असे समजू नका. पानाचे दुसरे छायाचित्र मागवा. या विद्यार्थिनीने ते मागविले, तेव्हा तळाची टीप हाती आली. तिचा आशय असा : ‘तारांकित रकमा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर, काही येणे असल्यास ते वजा करून, परत मिळतील. त्यासाठी बेबाकी दाखला व मूळ पावती सादर करावी. अभ्यासक्रम संपल्यापासून एका वर्षात मागणी न केल्यास रक्कम परत मिळणार नाही.’ ‘नो ड्यूज सर्टिफिकेट’साठी ‘ना देय प्रमाणपत्र’ असेही लिहिले जाते. परंतु सहकारी सोसायटीचे कर्ज फेडलेल्या शेतकऱ्याला ‘बेबाकी दाखला’ हा शब्द अधिक ओळखीचा असतो, म्हणून येथे मी तो पसंत करीन.

या टिपेमुळे ‘रिफंडेबल’ शब्दाचा खरा अर्थ हाती लागतो. रक्कम पहिल्या वर्षाअखेर नव्हे, तर दोन वर्षांनी मिळणार आणि ती पावतीवाचून मिळणार नाही. घरच्यांसाठी पावती जपून ठेवणे हा या अनुवादाचा सर्वांत उपयोगी भाग ठरू शकतो.

आता अनुवाद पाहा.

| तपशील | रक्कम (रुपये) |
|---|---|
| शिक्षण शुल्क (दर सत्रास) | ६,५०० |
| प्रयोगशाळा व ग्रंथालय शुल्क (वार्षिक) | १,८०० |
| पात्रता शुल्क | ३०० |
| वसतिगृह भाडे (वार्षिक, जेवणाचा खर्च वेगळा) | ७,२०० |
| वसतिगृह अनामत (परत मिळणारी)* | २,००० |
| अनामत रक्कम (परत मिळणारी)* | १,००० |
| प्रवेशाच्या वेळी भरावयाची एकूण रक्कम | १८,८०० |

तक्त्याखाली तारांकनाची टीप येईल. त्यानंतर एक आडवी रेघ मारून ‘अनुवादकाची टीप’ असा स्पष्ट मथळा देऊन आपण काढलेला हिशोब लिहावा : दुसऱ्या सत्राचे ६,५०० धरून पहिल्या वर्षी भरावयाची रक्कम २५,३००, त्यातील ३,००० अनामत वजा जाता प्रत्यक्ष खर्च २२,३००, जेवण यात नाही. हा मजकूर तक्त्यात मिसळू नये. तक्ता विद्यापीठाचा आहे आणि हिशोब आपला; उद्या कार्यालयात कोणी तो कागद दाखविला, तर कोणते विधान कोणाचे हे दिसले पाहिजे.

एक गल्लत येथेच दूर करू. ‘प्रवेश रद्द केला तर पैसे परत मिळतात का?’ हा वडिलांचा पुढचा प्रश्न असेल. ‘रिफंड’ हा शब्द तेथेही येतो, पण ती बाब निराळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत, प्रवेश केव्हा रद्द केला त्यानुसार शुल्काच्या शंभर टक्क्यांपासून शून्यापर्यंत परताव्याचे टप्पे ठरविले आहेत आणि ही टक्केवारी अनामत रक्कम बाजूला ठेवून मोजावयाची आहे. पुढे काही शैक्षणिक वर्षांसाठी आयोगाने स्वतंत्र सूचनाही काढल्या. म्हणून मराठीत दोन शब्द वेगळे ठेवणे सोयीचे : प्रवेश रद्द झाल्यावर मिळतो तो ‘शुल्क परतावा’, आणि अभ्यासक्रमाअखेर मिळते ती ‘अनामत परत’. आपल्या छायाचित्रात पहिल्याविषयी एक अक्षरही नाही. तेव्हा त्याचे उत्तर अनुवादात देऊ नये. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतील प्रवेश रद्द करण्याचे पान पाहण्यास सांगावे.

स्वाध्याय

पुढील ओळ एका माहितीपुस्तिकेतील आहे असे समजा : ‘मेस अ‍ॅडव्हान्स, ३,०००, अ‍ॅडजस्टेबल इन द लास्ट मंथ्स बिल, नॉन-रिफंडेबल इन कॅश.’ हिचा मराठी अनुवाद तक्त्यातील एका ओळीत बसेल असा करा. ही रक्कम ‘अनामत’ म्हणावी की ‘आगाऊ रक्कम’, ते ठरवा आणि आपल्या निवडीचे कारण चार-पाच वाक्यांत लिहा. वरील तक्त्यात ही ओळ वाढविल्यास प्रवेशाच्या दिवशी लागणारी रक्कम आणि अनुवादकाच्या टिपेतील हिशोब यांत कोणते बदल होतील, तेही दाखवा.