टोनर घेऊ का, ताई?

अगं, घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण आधी एक सांग, तोंड धुतल्यावर तुझे गाल ओढल्यासारखे होतात ना? मग टोनरच्या आधी फेसवॉश बदल. गाल ओढतात म्हणजे फेसवॉश त्वचेवरचं तेल जरा जास्तच काढून नेतोय. वरून टोनर लावलास की दोन मिनिटं बरं वाटेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

टोनर आला तो साबणाच्या काळात. साबणाचा पीएच ९-१० च्या घरात असतो आणि आपल्या त्वचेचा साधारण ५. त्यामुळे साबणाने धुतल्यावर राहिलेला थर पुसायला आणि त्वचा पूर्ववत व्हायला टोनरची मदत होई. आताचे सौम्य फेसवॉश मुळातच त्वचेच्या पीएचच्या जवळचे असतात, म्हणून ते काम आता उरलेलं नाही. ‘रंध्रं बंद करतो’ हे तर सोडूनच दे. रंध्रांना स्नायू नसतात, ती उघडमीट करत नाहीत. अल्कोहोलवाल्या टोनरने त्वचा घट्ट वाटते ती तात्पुरती, आणि त्यामागून कोरडेपणा येतो.

एसेन्सचंही असंच. आंबवलेल्या यीस्टचं पाणी घालून केलेलं एक महागडं जपानी एसेन्स १९८० पासून बाजारात आहे आणि कोरियन बाटल्यांनी तर आता दुकानं भरली आहेत. लावल्यावर त्वचा मऊ लागते हे खरं. पण त्यातला बराचसा मऊपणा पाण्याचा आणि ते पाणी धरून ठेवणाऱ्या ग्लिसरीनसारख्या द्रव्यांचा असतो, आणि तो तुला फार स्वस्तात मिळू शकतो. तोंड धुतल्यावर चेहरा पूर्ण पुसू नकोस. ओलसर असतानाच केमिस्टकडच्या ग्लिसरीनचे दोन थेंब ओल्या तळव्यावर पाण्यात मिसळ, चेहऱ्यावर थापून घे आणि लगेच वर मॉइश्चरायझर लाव. नुसतं ग्लिसरीन मात्र लावू नकोस, चिकटतं. आणि आजीसारखं गुलाबपाण्यात मिसळून बाटली भरून ठेवू नकोस. घरच्या पाण्याच्या मिश्रणात जंतू वाढतात. लिंबू तर अजिबात नको, लिंबू लावून उन्हात गेलं की डाग पडतात. नुसतं गुलाबपाणी आवडत असेल तर लाव, पण ते सुगंधी पाणी आहे एवढंच समज. पावसाळ्यात, दमट हवेत क्रीम जड वाटत असेल, तर ग्लिसरीन किंवा हायलुरोनिक अ‍ॅसिडचा तयार टोनर खरंच उपयोगी पडतो. लेबलवर ग्लिसरीन पहिल्या चार-पाच नावांत आहे ना, एवढं बघ.

आता तुझ्या नाकावरच्या काळ्या ठिपक्यांबद्दल. इथे मात्र एक टोनर नक्की घ्यावा असं मला वाटतं, २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा. हे अ‍ॅसिड तेलात विरघळतं, त्यामुळे रंध्रात साठलेल्या तेलापर्यंत पोहोचतं. फेसवॉशमधलं सॅलिसिलिक काही सेकंदांत धुऊन जातं, टोनर त्वचेवर राहतो, हा मोठा फरक आहे. आठवड्यातून दोन रात्री, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, फक्त नाक, कपाळ आणि हनुवटीवर बोटांनी लाव. कापसाने घासू नकोस. तुझे गाल कोरडे आहेत, ते सोड. मग मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. त्या रात्री स्क्रब किंवा दुसरं अ‍ॅसिड नको. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि ठिपके पूर्ण जात नाहीत, कमी होतात. थांबवलंस की हळूहळू परत येतात.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? लावल्यावर क्षणभर चुरचुरणं चालतं. पण रोजचं साधं मॉइश्चरायझरही झोंबायला लागलं, किंवा त्वचा तकतकीत आणि ताणलेली दिसायला लागली, तर टोनर बंद. पुढचे दोन आठवडे फक्त फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर हे अ‍ॅसिड लावूच नकोस. वहिनीलाही देऊ नकोस, ती गरोदर आहे, तिने आधी डॉक्टरांना विचारावं.

तेव्हा या महिन्यात फेसवॉश बदल. गाल शांत झाले की पुढच्या महिन्यात टोनर आण. दोन्ही एकदम सुरू केलंस आणि काही बिघडलं, तर कशामुळे ते कळणार नाही. आणि लहानच बाटली घे, आठवड्यातून दोनदा लावायला ती पुष्कळ दिवस पुरते.