कार्ड ब्लॉक केलं म्हणजे करार संपला का?

कार्ड हा फक्त पैसे जाण्याचा रस्ता आहे. रस्ता बंद केला, तरी देणं संपत नाही.

समजा, तुम्ही दुकानासाठी बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं. करार 12 महिन्यांचा, हप्ता दरमहा 1,500 रुपये. चार महिने पैसे गेले. मग सॉफ्टवेअर आवडेना, म्हणून तुम्ही कार्ड ब्लॉक केलं. किंवा पहिल्यापासूनच कमी लिमिटचं व्हर्च्युअल कार्ड दिलं होतं, ते बंद केलं. पाचवा हप्ता फेल झाला आणि तुम्हाला वाटलं, सुटलो!

पण कंपनीच्या खात्यात तुम्ही अजून ग्राहकच आहात. इनव्हॉइस निघत राहतात. उरलेले आठ हप्ते, म्हणजे 12,000 रुपये, थकबाकी म्हणून मागितले जाऊ शकतात. करारात लेट फी असेल तर तीही. बँकेच्या ॲपमधून ऑटो-पे रद्द केलं तरी हेच होतं, कारण बँकेला दिलेली सूचना म्हणजे कंपनीला दिलेली नोटीस नव्हे.

मग काय करायचं? करारातलं रद्द करण्याचं कलम आधी वाचा. त्यात 30 दिवसांची नोटीस पुरेशी असेल, तर फक्त एकच हप्ता भरून तुम्ही मोकळे होता. नोटीस ईमेलने पाठवा आणि 'करार अमुक तारखेला संपला' असं लेखी उत्तर घ्या. ऑटो-पे आणि कार्ड त्यानंतर बंद करा.

उत्तरानंतरही पैसे कापले गेले, तर बँकेकडे तक्रार करताना तोच ईमेल तुमचा पुरावा ठरतो.