टिंब कुठे सरकलं?

(घटक : दशांश अपूर्णांकांचा गुणाकार)

मंद्रूपच्या एका किराणा दुकानातली ही गोष्ट. सोलापूरहून माल आला आणि व्यापाऱ्याने मोबाइलवर बिलाचा फोटो पाठवला. आप्पा पैसे पाठवणारच होते.

"आप्पा, थांबा की. मला बघू द्या," गौरी म्हणाली.

साखर : २५ किलो × ४२ = १०५०.००
गूळ : ७.५ किलो × ४८ = ३६००.००
शेंगदाणे : १० किलो × १२० = १२००.००
एकूण : ५८५०.००

"बेरीज बघितलीय मी, बरोबर आहे."

बेरीज बरोबरच होती. पण गौरीने एकेका ओळीचा गुणाकार करून पाहिला. गूळ ८ किलो आणि दर ५० धरला तरी ४०० रुपयेच होतात. मग ३६०० कसे? ७५ × ४८ = ३६००. पण ७.५ मध्ये दशांश चिन्हानंतर एक अंक आहे, म्हणून उत्तर ३६०.०.

"फोटोत टिंब नीट दिसत नसेल गं."

"नाही आप्पा. तसं असतं तर एकूण २६१० आली असती. त्यांनी बेरजेतही ३६००च धरलेत."

आप्पांनी फोन लावला. व्यापाऱ्याने चूक मान्य करून नवं बिल पाठवलं. ३२४० रुपये वाचले.

लक्षात ठेवा : टिंब एक घर उजवीकडे सरकलं की रक्कम दहापट होते. म्हणजे जादा लागलेले पैसे मूळ रकमेच्या ९ पट असतात. ३६० × ९ = ३२४०.

स्वाध्याय : बिलात "४.५ किलो × ८० = ३६.००" असं लिहिलं आहे. टिंब कोणत्या बाजूला सरकलं? नुकसान कोणाचं आणि किती?