दुसऱ्याचा फोन नंबर : देण्यापूर्वीची विचारपूस

टेलिफोन जेव्हा दुकानाच्या गल्ल्यावर किंवा घराच्या ओसरीत ठेवलेला असे, तेव्हा कोणाचा नंबर कोणाला द्यावा हा प्रश्न फारसा पडत नसे. नंबर डिरेक्टरीत छापलेला असे आणि फोन घरातले कोणीतरी मोठे माणूस उचलत असे. आता फोन खिशात आहे, उशाशी आहे. त्याच नंबरावर बँकेचे निरोप येतात, पैसे देण्याच्या अ‍ॅपमध्ये तो नंबर टाकला की खातेदाराचे नाव दिसते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अनेकांचा फोटोही दिसतो. म्हणून दहा आकडे देणे म्हणजे त्या माणसाच्या घराचा दरवाजा दाखविणे होय.

आम्हा व्यापाऱ्यांकडे असे शेकडो नंबर जमा असतात. लग्नाचा बस्ता बांधून नेलेली कुटुंबे, सुरत-भिवंडीचे दलाल, उधारीची खाती, साडीला पिको-फॉल करून देणाऱ्या बायका. मग एखादा मित्र सहज म्हणतो, “भाई, त्यांचा नंबर टाका ना.” मित्राला नाही म्हणवत नाही आणि नंबर जातो. या ‘सहज’मध्ये काय तपासले पाहिजे, ते एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरण

समजा, दिग्रसच्या एका कापड दुकानदाराकडे पिको-फॉलचे काम घरून करणारी एक बाई आहे. साड्या तयार झाल्या की दुकानाच्या मुलाला कळवावे म्हणून तिने आपला नंबर दुकानात दिला. लग्नसराईच्या तोंडावर आर्णीचा एक दुकानदार मित्र फोन करतो. त्याच्याकडे साठ साड्या पडून आहेत, कारागीर आजारी आहे, त्याला या बाईचा नंबर हवा आहे. मागणी खरी आहे, मित्र ओळखीचा आहे, बाईलाही चार पैसे मिळतील. मग विचारायचे तरी कशाला?

पहिली गोष्ट, नंबर कसा आला ते पाहावे. जो नंबर माणसाने स्वतः दुकानाच्या पाटीवर, बिलावर किंवा कार्डावर छापला आहे, तो त्याने लोकांसाठीच ठेवला आहे. तो द्यायला हरकत नाही. मात्र छापलेलाच द्यावा, त्याच माणसाचा घरचा नंबर नव्हे. पिको-फॉलवाल्या बाईने पाटी लावलेली नाही. तिने नंबर एका दुकानाला, एका कामासाठी दिला आहे. तो अमानत आहे, आणि अमानत ठेवणाऱ्याला न विचारता दुसऱ्याच्या हाती जात नाही.

दुसरी गोष्ट, तो फोन नेमका कोणाचा आहे? आपल्या भागात घरात एकच फोन असतो असे अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. दिवसा तो नवऱ्याबरोबर शेतात किंवा रिक्षावर असतो, संध्याकाळी मुलाच्या हातात. अनोळखी पुरुषाचा फोन रात्री नऊला आला तर त्या घरात काय बोलले जाईल, हे आर्णीच्या मित्राला माहीत नाही. अनेकदा नंबर देणाऱ्यालाही माहीत नसते. ते फक्त त्या बाईला माहीत असते.

नंबर उलट्या दिशेने पाठवावा

म्हणून सरळ रीत अशी की, मागणाऱ्याला तिचा नंबर देण्याऐवजी तिला मागणाऱ्याचा नंबर द्यावा. त्याआधी मित्राला तीन गोष्टी विचाराव्यात: काम काय आहे, नंबर स्वतःसाठी हवा की आणखी कोणासाठी, आणि “तुमचे नाव व नंबर त्यांना कळवू का?” तिसरा प्रश्न विसरू नये. मागणाऱ्याचा नंबरही त्याची अमानतच आहे. मग त्याला एवढेच सांगावे, “विचारून कळवतो.”

बाईला पाठविण्याचा निरोप असा असावा:

“अस्सलामु अलैकुम आपा. आर्णीचे एक कापड दुकानदार, आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना साठ साड्यांचे पिको-फॉल करून हवे आहे. त्यांनी तुमचा नंबर मागितला, आम्ही दिलेला नाही. त्यांचे नाव आणि नंबर खाली देत आहोत. वाटल्यास तुम्ही फोन करा, किंवा तुमचा नंबर द्यावा का ते सांगा. जमत नसेल तर तसे कळवा, आमच्या कामावर त्याचा काही परिणाम होणार नाही.”

शेवटचे वाक्य शिष्टाचारासाठी नाही. जिला आपण काम देतो, ती आपल्याला नाही म्हणताना दहा वेळा विचार करते. काम बंद होईल या भीतीने दिलेला होकार हा होकार नव्हे, म्हणून ती भीती आधीच काढून टाकावी लागते. तिला वाचता येत नसेल तर हाच निरोप तोंडी द्यावा, तोही फोन तिच्या हातात असताना.

बहुतेक वेळा उत्तर नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ येत नाही, अटीसह येते. ही बाई कदाचित म्हणेल, “साठ जमणार नाहीत, वीस घेते. फोन जुहर ते असरच्या दरम्यान करायला सांगा. आणि माझा नको, भावाचा नंबर द्या.” तिची ताकद किती, वेळ कोणती, बोलणार कोण, या तिन्ही गोष्टी परस्पर नंबर दिला असता तर कोणालाच कळल्या नसत्या. मित्राने साठ साड्या पाठविल्या असत्या आणि लग्नाच्या तारखेला बोंब झाली असती. या विचारपुशीत मित्राचाही फायदा आहे.

आणखी एक फायदा आहे. डायरीतला नंबर जुना असू शकतो. बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवसांचा काळ गेल्यावर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. आधी विचारल्याने नंबर चालू आहे आणि त्याच माणसाकडे आहे, याची खात्री होते.

उत्तर आले नाही तर

गप्प राहणे म्हणजे संमती, असे येथे धरू नये. दुसऱ्याच्या घरात जाण्यापूर्वी परवानगी मागावी आणि परत जा म्हटले तर परत जावे, ही शिकवण कुरआनच्या सूरह अन्-नूरमध्ये, आयत २७ व २८ मध्ये आहे. तीनदा परवानगी मागूनही ती मिळाली नाही तर परत फिरावे, हे हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडून सांगितलेल्या हदीसमध्ये आहे. फोन हा आजचा दरवाजाच समजावा. एकदा निरोप द्यावा, दुसऱ्या दिवशी एकदा आठवण करावी, आणि मग थांबावे.

मित्राला कळविताना “त्यांनी नाही म्हटले” असे सांगू नये. त्याने विनाकारण मने दुखावतात. “सध्या जमत नाही, दुसरीकडे पाहा,” एवढे पुरे.

हो आले तर काय द्यावे

जेवढे सांगितले तेवढेच द्यावे. फोनमधले अख्खे कार्ड पुढे पाठविले तर त्याबरोबर आपण साठविलेले नावही जाते. ‘पिकोवाली उधार बाकी’ असे नाव साठविले असेल तर तेही मित्र वाचेल. त्यात दुसरा नंबर वा पत्ता असेल तर तोही जाऊ शकतो. म्हणून नंबर वेगळा लिहून, एकट्या मित्राला पाठवावा. व्यापाऱ्यांच्या ग्रुपमध्ये टाकू नये, कारण ग्रुपमध्ये गेलेला नंबर परत घेता येत नाही. आणि मित्राला तिच्या अटी सांगून शेवटी म्हणावे, “हा पुढे कोणाला देऊ नका, कोणी मागितला तर आम्हाला सांगा.”

शंका केव्हा घ्यावी

मागणारा फार घाई करतो, काम सांगत नाही, किंवा आपला नंबर तिकडे कळवायला तयार होत नाही, तेव्हा थांबावे. ज्याचे काम सरळ आहे त्याला आपले नाव कळण्याची अडचण नसते. मित्राच्या नावाने फक्त लेखी संदेश आला असेल तर एक फोन करून त्याचा आवाज ऐकावा. व्हॉट्सअ‍ॅप खाते बळकावून ओळखीच्या लोकांकडे मागण्या करण्याची फसवणूक आता गावोगावी पोहोचली आहे. अशा फसवणुकीत पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करता येते.

अपघात, दवाखाना अशी खरी निकड असेल तर नंबर देत बसू नये. आपणच त्या माणसाला फोन लावावा आणि निरोप पोहोचवावा. यात वेळही वाचतो.

कायदा काय म्हणतो

केंद्राने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. माणसाने घरगुती, खासगी कारणासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. ज्याने आपली माहिती स्वतः जाहीर केली, तिलाही नाही. पाटीवरच्या नंबराचा फरक कायद्यातही आहे, तो असा. परंतु दुकानाच्या संगणकात किंवा फोनमध्ये असलेली गिऱ्हाइकांची यादी ही घरगुती बाब नव्हे. कागदाच्या वहीतून ती नंतर फोनमध्ये उतरविली तरी तेच. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, हे या कायद्याचे मुख्य सूत्र आहे. म्हणून बस्त्याच्या गिऱ्हाइकांची यादी मंडपवाल्या किंवा फोटोग्राफर मित्राला देणे हे मैत्रीचे काम राहत नाही.

एक उलट धोका

येथपर्यंत नंबर न देण्याविषयी लिहिले. पण आम्हा व्यापाऱ्यांत याच्या उलट खोडही आहे. चांगला कारागीर दुसऱ्या दुकानाला कळू नये म्हणून ‘परवानगी नाही’ असे सांगून मोकळे होणे, आणि कारागिराला मात्र काही न कळविणे. हे अमानत जपणे नव्हे, कोणाच्या रोजीच्या आड उभे राहणे आहे. नंबर तिचा आहे, तसाच निर्णयही तिचा आहे. आर्णीचा दुकानदार साडीमागे आमच्यापेक्षा जास्त देत असेल, तरीही निरोप जसाच्या तसा तिच्यापर्यंत गेला पाहिजे. निरोप दाबला आणि नंबर वाटला, या दोन्हींत चूक एकच आहे: तिच्याऐवजी आपण ठरविले.

दुकानात यासाठी एवढीच सोय करावी. नंबर लिहून घेताना नावापुढे दोन शब्द लिहावेत: ‘पाटीचा’ की ‘विचारून’. नोकर मुलांनाही सांगून ठेवावे की, ‘विचारून’ लिहिलेला नंबर मालक नसताना कोणालाही, अगदी मालकाच्या मित्रालाही, द्यायचा नाही.