चित्रातील पाऊस आणि वारा

दोन मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. चित्रपटात दर सेकंदाला २४ चित्रे दाखविली जातात. म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत हा थेंब सुमारे २७ सेंटिमीटर उतरतो. म्हणून चित्रकार थेंब न काढता रेघ काढतो. प्रत्येक रेघेची लांबी थेंबाने एका चित्रात कापलेल्या अंतराइतकी ठेवतात. ती आखूड पडल्यास पाऊस पडत नसून उड्या मारीत आहे, असा भास होतो.

एकाच पातळीवरच्या रेघांनी मात्र पडदा सपाट दिसतो. यासाठी पावसाचे तीन थर करतात. कागदाची उंची ३६ सेंटिमीटर आहे, असे समजू. जवळच्या थरातील थेंब ती ६ चित्रांत ओलांडतो. त्याच्या रेघा ६ सेंटिमीटर लांब, जाड व विरळ असतात. मधल्या थराला ९ चित्रे लागतात व रेघ ४ सेंटिमीटरची होते. दूरच्या थराला १२ चित्रे लागतात. तेथील रेघा ३ सेंटिमीटर लांब, बारीक व दाट असतात. तिन्ही थरांतील रेघांचा कल मात्र एकच हवा. नाही तर एकाच वेळी दोन वारे वाहत आहेत असे वाटते.

श्रम वाचविण्यासाठी प्रत्येक थराची थोडीच चित्रे काढून ती पुनःपुन्हा वापरतात. येथे एक दोष उद्भवतो. थरांची आवर्तने ६, ९ व १२ चित्रांची असतील, तर ३६ चित्रांनी, म्हणजे दीड सेकंदातच, सर्व देखावा जसाच्या तसा परत येतो आणि डोळ्यांना ते जाणवते. तीच आवर्तने ७, ९ व १३ चित्रांची केली, तर संपूर्ण पुनरावृत्ती ८१९ चित्रांनंतर, सुमारे ३४ सेकंदांनी होते.

वाऱ्याचा झोत आला म्हणजे झाड एकदम वाकत नाही. हलकी पाने प्रथम उलटतात, मागाहून डहाळ्या, नंतर फांद्या व शेवटी खोड किंचित झुकते. झोत ओसरताना खोड व फांद्या आधी परततात आणि शेंडे मागे रेंगाळतात. हा क्रम चुकल्यास झाड पुठ्ठ्याचे वाटते. झोताबरोबर पावसाच्या रेघाही अधिक तिरप्या कराव्या लागतात.

भाव निर्माण होतो तो मुख्यतः प्रकाशामुळे. पावसाच्या उजळ रेघा काळोख्या झाडीवर उठून दिसतात, उजळ आकाशावर विरून जातात. म्हणून झोतापूर्वीच आकाश क्रमाक्रमाने काळवंडत नेतात. वीज एकदोन चित्रांपुरतीच चमकते. एक किलोमीटरवरील विजेचा गडगडाट सुमारे तीन सेकंदांनी, म्हणजे ७२ चित्रांनंतर, ऐकू येतो. हे अंतर चमकेगणिक कमी करीत गेल्यास वादळ जवळ येत असल्याचे प्रेक्षकाला न सांगता कळते.

डिस्नेच्या १९३७ सालच्या ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात एका पडक्या पवनचक्कीवर रात्री येणारे वादळ दाखविले आहे. त्यासाठी चित्रांचे थर काचेच्या तावदानांवर एकाखाली एक, अंतर राखून मांडले होते व वरून कॅमेऱ्याने टिपले होते. आज हे थर संगणकावर रचतात. पावसाच्या रेघेचे गणित मात्र तेच राहिले आहे.