ई-मेल कोठे थांबवावा आणि बोलणे कोठे सुरू करावे

शासकीय कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांच्यामधील बराचसा पत्रव्यवहार आता ई-मेलने होतो. तारीख कळवावयाची असो, माहिती मागवावयाची असो किंवा आदेशाची प्रत पाठवावयाची असो, या साधनासारखे सोयीचे दुसरे साधन नाही. परंतु काही प्रकरणे अशी असतात की ती ई-मेलने सुटण्याऐवजी अधिकच गुंततात. अशी प्रकरणे वेळीच कशी ओळखावीत, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

गोव्यातील शाळांना माध्यान्ह आहार बहुधा महिलांचे स्वयंसाहाय्य गट पुरवितात. समजा, एका गावच्या प्राथमिक शाळेत सोमवारी आलेली पातळ भाजी आंबलेली निघाली. वाढण्यापूर्वी शिक्षिकेने चव घेतली, म्हणून ती मुलांच्या पानात गेली नाही. मुख्याध्यापिकांनी त्याच दुपारी तालुका कार्यालयास ई-मेल केला : ‘आज आलेली भाजी आंबलेली होती. यापूर्वीही असे घडले आहे. योग्य ती कार्यवाही व्हावी.’ माहितीसाठी प्रत पालक-शिक्षक संघाच्या अध्यक्षांना व स्थानिक पंचांना दिली. कार्यालयाने तोच मजकूर ‘तात्काळ खुलासा करावा’ एवढी ओळ जोडून गटाकडे पाठविला.

येथवर कोणाचेही काही चुकले असे म्हणता येणार नाही. परंतु गटाच्या अध्यक्षांनी ‘यापूर्वीही’ हा शब्द वाचला आणि आपले काम काढून घेण्याची ही तयारी आहे, असा त्यांचा समज झाला. दहा-बारा घरांची चूल या कामावर अवलंबून होती. त्यांनी उत्तर दिले, ‘आमचे जेवण ताजेच असते. शाळेत ते किती वेळाने वाढले जाते, हेही पाहावे.’ हे वाचून शिक्षकांवर हलगर्जीपणाचा आरोप होत आहे, असे मुख्याध्यापिकांना वाटले. त्यांनी निषेधाचा ई-मेल लिहिला. आठ दिवसांत अकरा ई-मेल झाले. प्रती मिळणाऱ्यांची संख्या दोनांवरून नऊवर गेली. आणि भाजी का आंबली, हा मूळ प्रश्न जेथल्या तेथेच राहिला.

हा पत्रव्यवहार शांतपणे पुन्हा वाचला असता दोन खुणा स्पष्ट दिसतात. पहिली खूण अशी की, प्रत्येक उत्तरागणिक प्रश्न कमी होण्याऐवजी वाढत गेले. सरळ प्रकरणात एका बाजूने विचारणा होते, दुसऱ्या बाजूने उत्तर येते आणि विषय लहान होत जातो. दुसऱ्या उत्तरानंतरही विषय लहान होत नसेल, तर तिसरे उत्तर लिहू नये, दूरध्वनी करावा. दुसरी खूण अशी की, मजकूर वस्तूवरून माणसावर आला. ‘भाजी आंबली’ हे वस्तूविषयीचे विधान आहे. ‘तुम्ही निष्काळजी आहात’ हा माणसाविषयीचा निवाडा आहे. कोणाची अब्रू, उपजीविका किंवा घरची अडचण ज्यात गुंतली आहे, ते प्रथम तोंडी बोलावे. कागदावर स्वर उमटत नाही. वाचणारा आपल्या मनातील भीतीचा स्वर त्या अक्षरांना देतो, आणि त्याला तेथल्या तेथे उलट विचारताही येत नाही. त्यात नऊ जणांना प्रत गेलेली असली, की प्रत्येकजण समोरच्याला उत्तर देण्याऐवजी त्या नऊ जणांपुढे स्वतःचा बचाव करू लागतो.

आपल्या उदाहरणात नवव्या दिवशी तालुका कार्यालयातील अधिकारी बाईंनी बारावा ई-मेल लिहिण्याचे टाळले. त्यांनी प्रथम दोघींना स्वतंत्रपणे दूरध्वनी केला. ‘सोमवारच्या भाजीविषयी बोलावयाचे आहे. आता सवड आहे का?’ असे विचारूनच बोलणे सुरू केले. दोष कोणाचा, हा प्रश्न त्यांनी काढला नाही. केवळ घड्याळाचा क्रम विचारला. ‘ताई, भाजी चुलीवरून किती वाजता उतरली? गाडी किती वाजता निघाली?’ आणि शाळेकडे, ‘बाई, डबे किती वाजता आले? झाकण केव्हा उघडले?’ ‘यापूर्वीही’ म्हणजे नेमके केव्हा, हेही विचारले. तेव्हा कळले की, पूर्वीची तक्रार पाव कडक असल्याची होती, भाजी आंबल्याची नव्हती. दोघींच्या वेळांत मात्र तफावत आली, म्हणून भेट ठरविली.

दुसऱ्या दिवशी मुले घरी गेल्यावर शाळेतच तिघी बसल्या. गाडीवाल्यासही बोलाविले होते. अर्ध्या तासात उलगडा झाला. गाडी पाच शाळांना जात असे आणि ही शाळा शेवटची होती. त्यातच नव्या वेळापत्रकात मधली सुटी अर्ध्या तासाने पुढे गेली होती, हे गटाला कोणी कळविलेच नव्हते. ओला नारळ घातलेली गरम भाजी झाकणबंद डब्यात, दमट हवेत, साडेतीन तास राहिली होती. असे अन्न आंबणारच. स्वयंपाकिणीचाही दोष नव्हता आणि शिक्षकांचाही नव्हता. गाडीचा क्रम बदलावा, या फेरीच्या भाजीत ओला नारळ घालू नये आणि डबे आल्याची वेळ शाळेने वहीत लिहावी, असे ठरले.

परंतु काम येथे संपत नाही. त्याच सायंकाळी अधिकारी बाईंनी सर्व संबंधितांना एक छोटा ई-मेल पाठविला : ‘आज झालेल्या बोलण्यानुसार पुढील तीन गोष्टी ठरल्या आहेत. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास दोन दिवसांत कळवावे.’ पहिल्या तक्रारीची प्रत ज्यांना गेली होती, त्यांनाही हा ई-मेल पाठविला. नाहीतर गावात केवळ आरोपच शिल्लक राहिला असता.

ही शेवटची पायरी केवळ सौजन्याची नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांनुसार वरिष्ठाचा निदेश सामान्यतः लेखी असावा लागतो. तोंडी देणे अपरिहार्य झाल्यास त्याने तो लगेच लेखी कायम करावयाचा असतो, आणि कनिष्ठानेही तशी लेखी पुष्टी मागावयाची असते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेलचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे रागाच्या भरात लिहिलेली ओळ कार्यालयाच्या दप्तरी राहते, तशीच शांतपणे लिहिलेली नोंदही राहते.

म्हणूनच बोलण्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. कारणे दाखवा नोटीस, पैशाची मंजुरी, लैंगिक छळाची किंवा लाचेची तक्रार ही दूरध्वनीवर मिटविण्याची प्रकरणे नव्हेत. तेथे लेखी कागद हेच दुर्बलाचे संरक्षण असते. ‘लिहू नका, येऊन भेटा’ असे कोणी अशा प्रकरणात सांगत असेल, तर भेटावे. पण आपला अर्ज आधी दाखल करून त्याची पोच घ्यावी. याउलट, त्या सोमवारी एखाद्या मुलास उलटी झाली असती, तर पहिला ई-मेलही लिहीत बसावयाचे नव्हते. आधी आरोग्य केंद्रास दूरध्वनी, लगेच तालुका कार्यालयास दूरध्वनी आणि त्यानंतर लेखी अहवाल, हाच तेथे योग्य क्रम होय.

आपल्या उदाहरणातील शाळेत आता दारामागे एक वही टांगलेली आहे. डबे उतरले की एखादी शिक्षिका तीत वेळ लिहिते आणि गाडीवाला खाली सही करतो.