दीड व्होल्टचा घट आणि तीन व्होल्टचा घट

मुंबईचा घरगुती कचरा अनेक वर्षे कांजूरमार्गच्या क्षेपणभूमीकडे जात आला आहे. अशा मिश्र कचऱ्यात संपलेले दोन प्रकारचे घट हमखास सापडतात. पहिला भिंतीवरील घड्याळातील किंवा विजेरीतील जस्ताचा लांबट घट. दुसरा संगणकातील किंवा लहान दूरनियंत्रकातील नाण्यासारखा चपटा लिथियमचा घट. नवेपणी पहिला सुमारे १.५ व्होल्ट विद्युतदाब देतो, तर आकाराने कितीतरी लहान असलेला दुसरा ३ व्होल्ट देतो. दोघांच्याही धन अग्राशी बहुधा एकच पदार्थ असतो, तो म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. तेव्हा या फरकाचे मुख्य कारण ऋण अग्राच्या धातूत शोधावे लागते.

धातूचा तुकडा त्याच्या क्षाराच्या द्रावणात ठेवला असता धातूचे अणू इलेक्ट्रॉन मागे सोडून आयनरूपाने द्रावणात जाऊ पाहतात. ही प्रवृत्ती प्रत्येक धातूत कमीअधिक असते. हायड्रोजनच्या अग्राचे विभव शून्य मानून तिचे माप घेतले जाते. यालाच प्रमाण विद्युत्-अग्र विभव म्हणतात. तांब्याचे विभव अधिक ०.३४ व्होल्ट, जस्ताचे उणे ०.७६ व्होल्ट आणि लिथियमचे उणे ३.०४ व्होल्ट आहे. आकडा जितका अधिक उणे, तितका धातू इलेक्ट्रॉन देण्यास अधिक उत्सुक.

घटाचा विद्युतदाब म्हणजे धन अग्राच्या विभवातून ऋण अग्राचे विभव वजा केल्यावर येणारे अंतर. शाळेत दाखविल्या जाणाऱ्या जस्त-तांबे घटात ते ०.३४ अधिक ०.७६, म्हणजे १.१० व्होल्ट येते. जस्ताच्या जागी लिथियम कल्पिल्यास तेच अंतर ३.३८ व्होल्ट होईल. धातूचा तुकडा मोठा घेतल्याने हा आकडा बदलत नाही. मोठा घट अधिक काळ चालतो, एवढेच.

लिथियमची ही उत्सुकता कोठून येते? त्याच्या अणूला एकच इलेक्ट्रॉन सोडावयाचा असतो आणि तो तुलनेने सैल असतो. शिवाय लिथियमचा आयन अत्यंत लहान असल्याने पाण्याचे रेणू त्याला घट्ट बिलगतात व त्यातून पुष्कळ ऊर्जा मुक्त होते. जस्ताला दोन इलेक्ट्रॉन सोडावे लागतात आणि दुसरा काढण्यास पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. जस्ताच्या आयनाभोवतीही पाणी जमते, परंतु तो खर्च त्यातून तितका भरून निघत नाही.

मात्र हा लाभ पाण्यात घेता येत नाही, कारण लिथियम पाण्याशी तीव्र अभिक्रिया करून हायड्रोजन बाहेर टाकते. म्हणून नाण्यासारख्या घटात पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक वापरतात. द्रावक आणि धन अग्रावरील अभिक्रिया बदलल्याने कोष्टकातील आकड्यांची वजाबाकी येथे तंतोतंत जुळत नाही. ती दिशा दाखविते. धन अग्राचे महत्त्वही विसरता येत नाही. लिथियमसमोर आयर्न डायसल्फाइड ठेवून बनविलेले घट १.५ व्होल्टच देतात. त्यामुळे वेष्टनावरील ‘लिथियम’ हा शब्द वाचून दाब गृहीत धरू नये. छापलेला आकडा पाहावा.

या आकड्यांचा संबंध घरातील लहान मुलांशीही आहे. पाण्याचे विघटन होण्यास तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा घट मुलाने गिळला व तो अन्ननलिकेत अडकला, तर तेथील ओलाव्यातून वीज वाहू लागते. ऋण अग्रापाशी पाण्याचे विघटन होऊन तीव्र अल्कली तयार होतो आणि दोन तासांच्या आतच ऊती गंभीरपणे भाजू शकतात. घट फुटलेला नसला तरी हे घडते. उपकरण चालविण्यास निकामी ठरलेल्या घटातही एवढा दाब उरलेला असतो. मूल लाळ गाळू लागले, त्याला गिळता येईना किंवा घट हरवल्याची शंका आली, तर उलटी करविण्याचा प्रयत्न न करता त्याला तत्काळ क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

काढलेल्या घटाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावल्यास विद्युतमार्ग तुटतो. असा घट मुलांच्या हाती लागणार नाही अशा डब्यात साठवावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो इतर कचऱ्यात न मिसळता वेगळाच सुपूर्द करावयाचा असतो.